बोअर गेजचं माप दर वेळी वेगळं येतंय: रिंगवरचं सेटिंग आणि काट्याचा वळणबिंदू

तक्रार ठरलेली असते. बेअरिंग हाउसिंगचा ६२ एच७ बोअर ऑपरेटरनं मशीनवर मोजला, ६२.०१५ आला. इन्स्पेक्शनमध्ये तोच बोअर ६२.००६ भरला. दुपारी तिसऱ्यानं पुन्हा मोजला तर ६२.०२४. गेज तेच, शून्य लावायची सेटिंग रिंग तीच, जॉबही तोच. मग गेजवर संशय येतो, ते कॅलिब्रेशनला जातं, तिथून ठीक असल्याचा शेरा घेऊन परत येतं आणि चार दिवसांत पुन्हा हाच वाद सुरू होतो.

हे तीन आकडे नीट पाहिले तर त्यांच्यातच उत्तर आहे. ६२.०१५ हा आकडा खरा, एक त्याच्या ९ मायक्रॉन खाली आणि एक ९ मायक्रॉन वर. ६२ मिमीच्या बोअरमध्ये गेज १ अंश कलतं राहिलं की सुमारे एवढाच फरक पडतो. तिसऱ्यानं जॉब मोजताना गेज कलतं धरलं, म्हणून माप वाढलं. इन्स्पेक्शनवाल्यानं जॉब बरोबर मोजला, पण सकाळी रिंगवर शून्य लावताना गेज कलतं होतं, म्हणून त्याचं माप कमी आलं. चूक एकच, फक्त ती कुठल्या टप्प्यावर झाली यावर तिची दिशा ठरते. एच७ च्या खिडकीत (६२.००० ते ६२.०३०) एकूण जागाच ३० मायक्रॉनची, त्यात ९ मायक्रॉन असे वाया घालवता येत नाहीत.

काटा परततो तिथंच व्यास का असतो

दोन भिंतींच्या मध्ये काठी आडवी धरली तर ती काटकोनात असताना सर्वांत आखूड लागते, तिरकी केली की जास्त लांब काठी मावते. बोअर गेजची एका टोकाची स्थिर ॲन्व्हिल आणि समोरचा हलता कॉन्टॅक्ट पॉइंट यांच्यातलं अंतर ही ती काठी. हँडल पुढंमागं झुलवलं की हे अंतर आधी कमी होत जातं, गेज बोअरच्या अक्षाला काटकोनात आलं की सर्वांत कमी होतं आणि मग पुन्हा वाढू लागतं. ते सर्वांत कमी अंतर म्हणजे व्यास.

काट्याकडे बघायचं तर असं: कॉन्टॅक्ट पॉइंट आत दाबला गेला की डायलचा स्पिंडलही दाबला जातो आणि काटा सुलट, म्हणजे घड्याळाप्रमाणे फिरतो. झुलवताना काटा सुलट सरकत जातो, एका जागी थबकतो आणि उलट फिरू लागतो. जिथून परत फिरला तो वळणबिंदू. वाचायचं ते तेवढंच, बाकी सगळे आकडे बोअरच्या तिरक्या छेदाचे असतात.

कलण्याचा परिणाम किती, याचा अंदाज डोक्यात असलेला बरा. ६२ मिमीला अर्ध्या अंशाला सुमारे २.४ मायक्रॉन, १ अंशाला ९, २ अंशांना ३७-३८. कोन दुप्पट झाला की चूक चौपट होते. आणि १ अंश म्हणजे किती? गेजची दांडी १५० मिमी धरली तर डायलपाशी जेमतेम अडीच मिलिमीटर. हे डोळ्यांना दिसतच नाही. “मी गेज सरळ धरलं होतं” असं कोणी सांगतं तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण अंदाजानं सरळ धरणं या कामाला पुरत नाही. सरळ कुठं आहे ते काट्यालाच विचारावं लागतं.

आडव्या छेदात मात्र प्रकार उलटा असतो. तिथं गेज बोअरच्या मध्यातून बाजूला सरकलं तर ते व्यासाऐवजी जीवा मोजतं आणि जीवा व्यासापेक्षा लहान असते. ६२ मिमीच्या बोअरमध्ये अर्धा मिलिमीटर सरकलं तर सुमारे ८ मायक्रॉन कमी. इथं आपण हातानं काही शोधायचं नसतं. कॉन्टॅक्ट पॉइंटच्या दोन्ही बाजूंना जो स्प्रिंगवरचा सेंटरिंग ब्रिज असतो, तोच गेजला मध्यात आणतो. म्हणजे एका दिशेत सर्वांत लहान माप शोधायचं आणि दुसऱ्या दिशेत सर्वांत मोठं, त्यातलं पहिलं काम आपलं आणि दुसरं ब्रिजचं.

यातून एक साधी खूण मिळते. झुलवूनही काटा जवळपास हलतच नसेल तर दिशा चुकली आहे. हँडल ॲन्व्हिलच्या रेषेत पुढंमागं झुललं पाहिजे. त्या रेषेला आडवं झुलवलं तर गेज नुसतं स्वतःच्या दोन टोकांभोवती फिरतं, माप बदलत नाही आणि काटा स्थिर दिसतो. नवीन मुलाला हा स्थिर काटा अचूकतेची खूण वाटतो. डायल क्लॅम्प करायच्या आधी तिचं तोंड असं फिरवून घ्या की झुलवताना ती समोरून वाचता येईल, आणि ॲन्व्हिल कुठल्या दिशेला आहे त्याची रंगाची एक रेघ हँडलवर मारून ठेवा. खोल बोअरमध्ये डोकं दिसत नाही, तेव्हा तीच रेघ कामाला येते.

रिंगवर शून्य लावण्याआधी

आधी रिंग कुठली आहे ते बघा. शाफ्ट तपासायची गो रिंग ही सेटिंग रिंग नव्हे. गो रिंग शाफ्टच्या मर्यादेला धरून बनवलेली असते, रोजच्या वापरानं तिची तोंडं झिजतात आणि तिचा प्रत्यक्ष व्यास कुठं लिहिलेला नसतो. सेटिंग रिंगवर किंवा तिच्या दाखल्यावर प्रत्यक्ष माप दिलेलं असतं. आपल्या उदाहरणात रिंगचं नाव ६२ असलं तरी तिचं प्रत्यक्ष माप ६२.००३ आहे असं धरू. रिंगच्या तोंडावर मोजण्याच्या दिशेची रेघ असेल तर ॲन्व्हिल त्या रेषेतच ठेवायची, आणि उंचीच्या मध्यावर मोजायचं. कडेला चॅम्फर असतो, तिथलं माप विश्वासाचं नाही.

डायल ०.००१ ची घ्या. ३० मायक्रॉनच्या टॉलरन्सला ०.०१ ची डायल म्हणजे अख्ख्या खिडकीत तीन घरं, त्यात काट्याचा वळणबिंदू कितीही छान शोधला तरी हाती काही लागत नाही. या डायलींमध्ये बहुतेक वेळा एका फेऱ्याला ०.२ मिमी आणि एकूण प्रवास १ मिमी असतो. पुढचे आकडे त्यालाच धरून आहेत.

डायल दांडीत घालताना ती पूर्ण फेरा, म्हणजे ०.२ मिमी, दाबली जाईल इतकी खाली न्यायची आणि क्लॅम्प आवळायचा. क्लॅम्प हलक्या हातानं. जास्त आवळला तर डायलचा स्टेम दाबला जातो, आतला स्पिंडल अडखळतो आणि काटा वळणबिंदूपाशी चिकटल्यासारखा वागतो. अशा कित्येक डायली काही दोष नसताना दुरुस्तीला जातात. आवळून झाल्यावर कॉन्टॅक्ट पॉइंट बोटानं दाबून सोडा. काटा झटकन आणि दर वेळी त्याच जागी परत आला पाहिजे. येत नसेल तर आधी स्क्रू पाव फेरा ढिला करून बघा.

मग ॲन्व्हिल रॉड आणि वॉशर निवडायचे. मोकळ्या अवस्थेत दोन टोकांमधलं अंतर बोअरपेक्षा ०.३ ते ०.४ मिमी जास्त हवं, म्हणजे ६२ साठी ६२.३ ते ६२.४. हे व्हर्नियरनं किंवा बाहेरच्या मायक्रोमीटरनं तपासा. मायक्रोमीटर लावताना टोकं दाबायची नाहीत, फक्त टेकवायची. अंतर यापेक्षा कमी असेल तर मोठ्या बोअरमध्ये टोक भिंतीला टेकतच नाही आणि काटा वळतच नाही. फार जास्त असेल तर डायल प्रवासाच्या शेवटाला जाऊन बसते. हिशोब जमला की रिंगमध्ये डायल अर्ध्या प्रवासाच्या आसपास असते, दोन्हीकडे जागा राहते. वॉशर घालताना त्याची दोन्ही तोंडं पुसून घ्या आणि लॉक नट पान्यानं आवळा, बोटांनी नको. लॉक नट ढिला राहिला की शून्य सरकतं, तेही हळूहळू, त्यामुळे लवकर कुणाच्या लक्षात येत नाही.

शून्य लावणं

रिंग सपाट जागेवर ठेवा आणि आतून स्पिरिट किंवा तसल्याच द्रावणानं पुसा, मग कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं. गेजची टोकं आणि ब्रिजही पुसा. गेज तिरकं धरून आधी ब्रिजची बाजू आत घालायची, ब्रिज भिंतीवर दाबायचा आणि मग ॲन्व्हिल आत आणायची. सरळ उभं गेज जोर लावून आत ढकललं तर टोकं कडेवर घासतात, आणि हे रोज घडलं की टोकांवर सपाट डाग पडतात. बाहेर काढतानाही असंच, तिरकं करून.

हँडल प्लास्टिकच्या पकडीवर धरा, धातूच्या दांडीवर नाही. आता झुलवा. डायलपाशी मध्यापासून दोन्हीकडे पाचेक मिलिमीटर पुरे, तेवढ्यात काटा ३५-४० घरं फिरतो. जास्त झुलवण्यात फायदा नाही, उलट टोकं चॅम्फरवर जातात. काटा परततो तिथं आला की झुलवणं हळू करा, कारण वळणबिंदूच्या जवळ काटा फार कमी हलतो आणि घाईत ती जागा निसटते. दोन्ही दिशांनी, तीन-चार वेळा जा. डावीकडून येताना आणि उजवीकडून येताना काटा एकाच घरापर्यंत गेला पाहिजे.

आता बेझेल, म्हणजे डायलची फिरती कडा, फिरवायचा. इथं दोन पद्धती चालतात, आणि दोन्ही मिसळल्या की गोंधळ होतो. एक पद्धत अशी की वळणबिंदूवर शून्य आणायचं आणि लक्षात ठेवायचं की शून्य म्हणजे ६२.००३. दर वेळी तीन मिळवावे लागतात, आणि शिफ्ट बदलली की ते तीन विसरले जातात. दुसरी पद्धत मला जास्त पटते: रिंग ६२.००० पेक्षा तीन मायक्रॉननं मोठी आहे, म्हणून वळणबिंदूवर काटा शून्याच्या तीन घरं उलट बाजूला येईल असा बेझेल लावायचा. मग डायलचं शून्य म्हणजे नेमकं ६२.०००, आणि वाचलेला आकडा थेट ड्रॉइंगशी ताडता येतो. कुठलीही पद्धत घ्या, पण शॉपमध्ये एकच ठेवा आणि गेजच्या पेटीवर ती लिहून ठेवा.

बेझेल लॉक केल्यावर गेज रिंगमधून पूर्ण बाहेर काढा, पुन्हा घाला, पुन्हा झुलवा. असं तीनदा. तिन्ही वेळा एका मायक्रॉनच्या आत आलं तर सेटिंग झालं. फेरे मोजणाऱ्या छोट्या काट्याची जागाही टिपून ठेवा, कारण एका फेऱ्याला ०.२ मिमी असल्यामुळे ०.२ नं चुकलेला बोअर मोठ्या काट्यावर हुबेहूब बरोबर दिसतो.

वाचताना उलटसुलट होतं ते

सर्वांत महाग चूक इथं होते. बोअर गेजवर काटा शून्याच्या सुलट बाजूला गेला तर बोअर लहान आहे, उलट बाजूला राहिला तर मोठा आहे. उंची मोजताना किंवा रनआउट बघताना डायल वापरायची सवय असलेल्याचा हात नेमका उलटा विचार करतो, तिथं सुलट म्हणजे अधिक असतं. बऱ्याच डायलींवर दोन्ही बाजूंना आकडे चढत जातात, अधिक-उणे असं काही लिहिलेलं नसतं.

आपल्याच बोअरचं उदाहरण घेऊ. शून्य ६२.००० वर लावलेलं आहे. जॉबमध्ये काटा शून्याच्या १५ घरं उलट बाजूला जाऊन तिथून परततो. माप ६२.०१५, जॉब पास. दिशा चुकून वाचली तर ६१.९८५, जॉब लहान. मग ऑपरेटर आणखी एक कट घेतो, ०.०३ काढतो आणि चांगला जॉब ६२.०४५ करून भंगारात घालतो. यावर एकच सोपा उपाय आहे: बेझेलच्या काचेबाहेर, उलट बाजूला “मोठा” आणि सुलट बाजूला “लहान” अशा दोन छोट्या चिकटपट्ट्या. संशय आला तर कॉन्टॅक्ट पॉइंट बोटानं दाबा. काटा ज्या दिशेनं जाईल ती लहानची दिशा.

फरक कुठल्या बाजूला जातो, तिथून कारण ओळखायचं

एकच बोअर, एकाच जागी, एकाच दिशेत दहा वेळा मोजा आणि आकडे लिहून काढा. मग गेज उघडायच्या आधी हे आकडे वाचा.

काही आकडे एकत्र आहेत आणि काही वरच्या बाजूला सुटे पडलेत, म्हणजे माप कधीकधी मोठं येतंय. हे कलण्याचं लक्षण. जॉबमध्ये गेज कलल्यानं माप कधीच लहान येत नाही, नेहमी मोठंच येतं. याचा धोका दुहेरी आहे. खरा ६२.०२२ असलेला जॉब ६२.०३१ दिसतो आणि विनाकारण रिजेक्ट होतो, हे निदान लक्षात तरी येतं. पण खरा ६१.९९५ असलेला बोअर ६२.००४ दिसतो आणि पास होतो. तो असेंब्लीत बेअरिंग बसवताना सापडतो, तेव्हा बेअरिंग ठोकून बसवावं लागतं.

सुटे आकडे खालच्या बाजूला असतील, तर बघायच्या दोन जागा आहेत. एक म्हणजे टोकाखाली अडकलेली चिप किंवा कूलंटचा चिकट थर, त्यानं कॉन्टॅक्ट पॉइंट जास्त दाबला जातो. दुसरी म्हणजे ब्रिज. ब्रिजच्या दोन्ही बाजू अंगठ्यानं एकदम दाबून सोडा, दोन्ही बरोबरीनं बाहेर आल्या पाहिजेत. एक बाजू रेंगाळत असेल तर गेज मध्यात येत नाही आणि जीवा मोजली जाते. कूलंट सुकून झालेला डिंक हे त्याचं नेहमीचं कारण. धुवायचं, पुसायचं आणि हलक्या तेलाचा अगदी पुसट हात द्यायचा. घट्ट ग्रीस लावू नका, त्यात कास्ट आयर्नची पूड बसते आणि ब्रिज आधीपेक्षा जास्त अडतो.

इथं एक बारीक गोष्ट आहे. ब्रिज झिजून गेज दर वेळी सारखंच बाजूला सरकत असेल तर ती चूक रिंगमध्येही तेवढीच होते, आणि रिंग-बोअर जवळच्या मापाचे असतील तर ती वजा होऊन जाते. म्हणून झिजलेला ब्रिज बरेच दिवस खपून जातो. अडकणारा ब्रिज मात्र कधी सरकतो, कधी नाही, आणि त्रास त्याचाच होतो.

दहाही आकडे एकमेकांना धरून आहेत, पण दुसऱ्या गेजशी ताडल्यावर सगळे सारख्याच अंतरानं सरकलेले दिसतात, तर वाचणाऱ्याला दोष देऊ नका. शून्यच चुकलेलं आहे. रिंगमध्ये गेज कलतं असताना शून्य लावलं की सगळा लॉट लहान दिसतो. रिंगमध्ये टोकाखाली धूळ होती तर सगळा लॉट मोठा दिसतो. रिंगचे ते तीन मायक्रॉन धरायचे राहिले तर सगळं तीननं लहान. थोडक्यात, सेटिंगमधल्या चुकीची दिशा वाचनातल्या चुकीच्या नेमकी उलटी असते.

आणि आकडे क्रमानं एकाच बाजूला सरकत गेले, पहिला ६२.०१५ आणि दहावा ६२.०१०, तर काहीतरी ढिलं आहे किंवा तापतंय. आधी लॉक नट, मग डायलचा क्लॅम्प, मग तापमान.

वळणबिंदूच विचित्र वागत असेल तर

काही वेळा दोष हाताचा नसतो आणि ते काट्याच्या चालीवरून कळतं. काटा सुलट जातो, थोडा परततो, पुन्हा सुलट जातो आणि मग नीट परत फिरतो, असे दोन वळणबिंदू दिसले तर ॲन्व्हिलच्या टोकावर सपाट डाग पडलेला आहे. गोल टोक भिंतीवर लोळतं, सपाट टोक मात्र एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातं, म्हणून मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना खळगा. एका टोकावर १ मिमी रुंदीचा सपाट डाग असेल तर ६० मिमीच्या आसपास हा खळगा दोन-अडीच मायक्रॉनचा येतो. फार वाटत नाही, पण एकानं खळगा वाचला आणि दुसऱ्यानं उंचवटा, तर वादाला तेवढं पुरतं. भिंगातून टोक बघा, चकाकणारा गोल ठिपका दिसला तर ॲन्व्हिल बदला. दगडावर घासून ती पुन्हा गोल होत नाही.

डावीकडून येताना वळणबिंदू १५ वर आणि उजवीकडून येताना १८ वर, असं नेमानं होत असेल तर आत कुठंतरी घर्षण आहे: डोक्यातल्या लिव्हरपाशी, दांडीतल्या पुशरॉडला किंवा डायलमध्ये. डायल काढून तिचा स्पिंडल स्टँडवर वेगळा तपासा. ती ठीक निघाली तर दोष गेजच्या डोक्यात. दांडीत कूलंट उतरलेलं असेल तर गेज उघडून साफ करावं लागतं. दोन आकड्यांची सरासरी काढून काम चालवू नका, कारण घर्षण रोज सारखं राहत नाही.

तापमान

रिंग हातात धरून शून्य लावायची सवय मोडलीच पाहिजे. ६२ मिमीची पोलादी रिंग ४ अंशांनी तापली की ती जवळपास ३ मायक्रॉननं वाढते, आणि मग थंड जॉब तेवढ्यानं लहान दिसतात. रिंग जॉबशेजारी त्याच टेबलावर ठेवा. मशीनवरून नुकताच उतरलेला कास्ट आयर्नचा जॉब १० अंशांनी गरम असेल तर तो सहा-साडेसहा मायक्रॉननं मोठा दिसतो, थंड झाल्यावर आत येतो.

रिंग आणि जॉब एकाच तापमानाला असले आणि दोन्ही लोखंडी असले की शॉपमध्ये २० अंश नसले तरी फारसं बिघडत नाही, दोन्ही जवळपास सारखेच वाढतात. ॲल्युमिनियमला हे लागू नाही. मे महिन्यात चाकणच्या किंवा कोल्हापूरच्या शेडमध्ये ३५ अंश असताना, रिंग आणि ॲल्युमिनियमचं हाउसिंग दोन्ही रात्रभर शेजारी ठेवलेली असली, तरी ६२ मिमीचा बोअर २० अंशांच्या हिशोबात सुमारे ११ मायक्रॉननं मोठा दिसतो, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट वाढतं. वाचलेल्या ६२.०१५ चा बोअर २० अंशांना ६२.००४ असतो. अशा जॉबला एकतर एसी खोलीत पूर्ण थंड होऊ द्या किंवा ही दुरुस्ती लेखी धरा.

पुन्हा रिंगवर कधी जायचं

शिफ्टच्या सुरुवातीला, गेज कुठं आपटलं तर लगेच, आणि चालू लॉटमध्ये दर दहा जॉबनंतर. रिंगमधलं वाचन दोन मायक्रॉनपेक्षा जास्त सरकलेलं सापडलं तर नुसतं शून्य परत लावून पुढं जाऊ नका. आधीचे दहा जॉब बाजूला काढा आणि नव्या सेटिंगनं मोजा. सरकलं कधी ते कळायचा दुसरा मार्ग नाही.

प्रत्येक जॉबवर बोअरच्या तोंडापासून थोडं आत, मध्ये आणि तळाशी, आणि प्रत्येक उंचीवर ९० अंश फिरवून, असे सहा वळणबिंदू घ्या. हाउसिंग १६-२० मिमीच खोल असेल तर दोन उंच्या पुरतात आणि झुलवणं आणखी कमी ठेवावं लागतं, नाहीतर टोक कडेवर जाऊन खोटा वळणबिंदू दाखवतं.

आणि सहाही आकडे एकसारखे, ६२.०१२ च्या आसपास, तरीही बेअरिंग अडकतंय, असं झालं तर चक बघा. पातळ भिंतीचं हाउसिंग थ्री-जॉ चकमध्ये घट्ट धरून बोअर केलं की सोडल्यावर बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. दोन टोकांच्या गेजला तो दिसत नाही, कारण प्रत्येक उंचवट्यासमोर खळगा येतो आणि व्यास सगळीकडे सारखाच भरतो. वळणबिंदू कितीही नीट वाचला तरी हे सापडणार नाही. तिथं ६२ चा गो प्लग गेज घालून बघा किंवा थ्री-पॉइंट बोअर मायक्रोमीटर लावून तो थोडाथोडा फिरवत मोजा. प्लग अडला किंवा आकडे बदलू लागले, तर जबड्यांचा दाब कमी करा किंवा सॉफ्ट जॉज जॉबच्या मापाला बोअर करून घ्या.